डाव्या बाजूने उघडणारा सदरा

आमच्या आत्याला सगळी गल्ली ‘कात्री’ म्हणते आणि ते तिला ठाऊक आहे. दिवसभर कापड कापते म्हणून हे नाव पडलं, असं बाबा गिऱ्हाइकांना सांगतात. खरं कारण तिची जीभ. एकदा एका बाईने तिला विचारलं, "हा ड्रेस मला बारीक दाखवेल ना?" तर ही म्हणाली, "ड्रेस तुम्हाला ड्रेस घातलेली दाखवेल. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." बाई तणतणत गेली आणि पुढच्या आठवड्यात दोन कापडं घेऊन परत आली. आत्याच्या बोलण्याने गिऱ्हाईक तुटतं आणि तिच्या कापण्याने परत येतं, हे बाबांचं लाडकं गाऱ्हाणं आहे.

दुकान आमचं दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाबा मापं घेतात, गोड बोलतात, उशीर झाला की माफी मागतात. तिथे एक उभा आरसा आणि कपडे घालून बघायला पडद्याआडची जागा आहे. मागच्या खोलीत शिलाईची मशिनं, इस्त्री आणि आत्याचं कापायचं लांब टेबल. टेबलाच्या टोकाला, चिंध्यांच्या टोपलीशेजारी, माझा लॅपटॉप. मी जिथे नोकरी करत होते ती जाहिरातींची कंपनी बुडाली, तेव्हा बाबा म्हणाले, "घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा दुकानाचा कॅटलॉग कर." मी केला. म्हणजे आत्याने माझ्याकडून करवून घेतला.

कॅटलॉगची गरज खरीच होती. हल्ली गिऱ्हाईक येतं ते फोन पुढे करत. "असंच हवं." फोनमधल्या चित्रातला कपडा कुणी शिवलेला असतोच असं नाही. कंबरेत चुण्या असतात पण त्या चुण्या ज्यात बसवायच्या ती शिवण नसते. बटणं असतात, काजं नसतात. बाबा मान डोलावून ऑर्डर घेत आणि मागच्या खोलीत येऊन आत्यापुढे खाली मान घालून उभे राहत. तेव्हा ठरलं की आपले कपडे आपणच दाखवायचे. सगळे नमुने शिवून, कुणाला तरी उभं करून फोटो काढणं परवडणारं नव्हतं. म्हणून आत्याने पेन्सिलने कपडा काढायचा, मी त्या चित्राचा फोटो घ्यायचा, सोबत त्या कपड्याचं वर्णन लिहून चित्रं बनवणाऱ्या प्रोग्रामला द्यायचं आणि त्याच्याकडून तो कपडा घातलेल्या बाईचं चित्र घ्यायचं.

त्या वर्णनाला प्रॉम्प्ट म्हणतात. आत्या त्याला ‘हुकूम’ म्हणते. पहिल्याच दिवशी तिने अट घातली, "जे छापशील ते माझ्या टेबलावर येणार आहे. मला कापता येणार नाही असं एकही चित्र नको. मग ते कितीही देखणं असो."

हुकूम कसा लिहायचा ते आम्ही दोघी ठेचा खात शिकलो. पहिल्या फोटोत मी तिच्या चित्रावरची मापं तशीच राहू दिली, तर प्रोग्रामने फ्रॉकच्या छातीवर आकड्यांचं भरतकाम करून पाठवलं. "कॉलर नको" असं लिहिलं की हमखास कॉलर यायची. नको हा शब्द त्याच्या डोक्यात शिरतच नाही, कॉलर तेवढी शिरते. म्हणून मग जे नको त्याचं नावच काढायचं नाही, जे हवं तेच लिहायचं: गोल गळा, गळ्याला बोटभर पट्टी. "वांगी रंग" लिहिला तेव्हा कापडभर छोटी छोटी वांगी छापून आली. आत्या ते चित्र बघून इतकी हसली की मशिनवरच्या बायका उठून बघायला आल्या. मग आम्ही रंगही तिच्या पद्धतीने सांगायला लागलो, आधी मूळ रंग, मग त्यात कशाची झाक, मग चमक आहे की नाही. आत टाकायच्या कडक कापडाबद्दल, बाहीच्या अस्तराबद्दल मी चार ओळी लिहायची, आणि ती म्हणायची, "चित्रात जे दिसणार नाही ते त्याला कशाला सांगतेस? ते मला ठाऊक आहे ना, बस झालं."

हळूहळू क्रम बसला. आधी कोण, कुठून दिसतंय. मग बेत, म्हणजे गळा, मुंढा, बाही, कंबर, घेर, लांबी. मग कापड, नुसतं सुती म्हणून भागत नाही, जाड की पातळ, ताठ उभं राहणारं की अंगावरून पडणारं. मग शिलाई, टीप कुठून कुठे, एकेरी की दुहेरी, दोरा कापडाच्या रंगाचा की उठून दिसणारा. शेवटी रंग आणि उजेड. उजेड एका बाजूने मागायचा, हेही तिचंच डोकं. समोरून उजेड पडला की टीप दिसत नाही, हे तिला टेबलावरच्या दिव्याने शिकवलेलं होतं. एका नीट हुकमाची नक्कल काढून मी पुढच्या कपड्याला फक्त बदल करायचे, त्यामुळे काम झपाट्याने व्हायला लागलं.

त्या नकलेत एक ओळ कायमची होती: डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी. ती ओळ मी घातली त्याला कारण होतं. आत्या चित्र नेहमी अर्धंच काढते. कापड घडी घालून कापतात, अर्धा कपडा कापला की उघडल्यावर पूर्ण होतो, मग पूर्ण काढून पेन्सिल कशाला झिजवा, असा तिचा हिशोब. मधोमध तुटक रेघ असते, तीच घडी. दुकानातल्या कुठल्याही माणसाला ते कळतं. प्रोग्रामला कळलं नाही. त्याने पहिल्यांदा एका बाहीचा, एका खांद्याचा, अर्ध्या घेराचा फ्रॉक घातलेली एक अतिशय खूष बाई काढून दिली. त्यानंतर मी ती ओळ घातली आणि कधी काढलीच नाही.

आता आत्याच्या खांद्याबद्दल सांगायला हवं.

मागल्या वर्षी ती जिन्यावरून पडली. डाव्या खांद्याचं हाड बसवलं, पण हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, तिने इमानेइतबारे केले, हात तिथेच अडला. कापायला अडचण आली नाही, कारण कापताना डावा हात कापड धरून ठेवतो आणि उजवा चालतो. अडचण सकाळी यायची. डोक्यावरून घालायचा एकही कपडा तिला एकटीला घालता येईना. पुढून बटणांचा शर्ट घातला तरी तो पाठीमागून ओढून आणताना खांदा बोंब मारायचा. रोज सकाळी माझी आई तिला कपडे चढवायची. आईने कधी तोंड वाकडं केलं नाही, उलट मायेने करायची. पण आत्या त्या वेळी भिंतीकडे बघत उभी राहायची आणि तिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. तिच्यासारख्या बाईचं गप्प राहणं मला बघवायचं नाही.

काही महिन्यांनी एक दिवस ती स्वतःच कपडे घालून स्वयंपाकघरात आली. अंगात नवा सदरा होता, गुडघ्यापर्यंतचा. आई पातेलं तसंच सोडून तिच्याकडे बघत राहिली. "कसा घातलात, ताई?" आत्याने तिथेच घालून दाखवला. बाह्यांचे जोड गळ्यापासून काखेपर्यंत तिरके उतरत होते. त्यातला डाव्या अंगाचा पुढचा जोड शिवलेलाच नव्हता. तो गळ्यापासून काखेपर्यंत उघडा आणि पुढे बाजूची शिवणही काखेपासून खालच्या काठापर्यंत उघडी. डावी बाही नुसती पाठीला जोडलेली. दुखरा हात खाली सोडलेलाच ठेवून त्यावर बाही चढवायची, सदऱ्याचा मागचा भाग पाठीवरून आणायचा, चांगला हात दुसऱ्या बाहीत घालायचा आणि पुढचा भाग दाराच्या फळीसारखा ओढून डाव्या अंगाला लावायचा. उजवा हात तिथे आरामात पोचतो. मोठी टिचबटणं, खाली रुंद पट्टी, म्हणजे तळव्याने बरगडीवर दाबलं की बटण बसतं. बाह्या कोपराशी सैल, आतून गुळगुळीत अस्तर, हात अडकू नये म्हणून.

आणि दिसायला, खरं सांगते, दुकानातला सगळ्यात रुबाबदार कपडा तो होता. तिरकी उघडी बाजू, तिच्या दोन्ही कडांना दुहेरी टीप. बघणाऱ्याला वाटावं मुद्दाम नखऱ्यासाठी केलंय.

जन्मभर तिने दुसऱ्यांनी मागितलेलं कापलं. हा पहिला कपडा जो तिने स्वतः मनात आणून, स्वतःसाठी, कुणाला न विचारता केला. तो कॅटलॉगमध्ये जायला हवा, एवढंच तिचं म्हणणं. बाबांनी मान खाजवली.

"ताई, कॅटलॉग लोक हौसेने चाळतात. त्यात हे कुठे?"

"म्हणजे मला हौस नाही?"

"तसं नाही गं. पण हा पडला सोयीचा कपडा."

"खिसा सोयीचाच असतो. तुझ्या पॅंटला चार आहेत."

शेवटी बाबांनी तोडगा काढला. शनिवारी सगळी पानं छापखान्यात जायची होती. तोपर्यंत चित्र देखणं आलं तर पान लागेल, नाही आलं तर तिथे एक फ्रॉक. आत्या म्हणाली चालेल. मी म्हणाले चित्र दुपारपर्यंत देते. मला वाटलं होतं, एवढे कपडे केले, हा काय वेगळा आहे.

तिने चित्र दिलं तेव्हा ते पूर्ण होतं. तुटक रेघ नाही, घडी नाही, दोन्ही बाजू काढलेल्या. तिच्या हातचं पूर्ण चित्र मी पहिल्यांदाच बघत होते आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी सवयीने जुन्या हुकमाची नक्कल घेतली, गळा-बाही-घेर बदलले, आणि ती कायमची ओळ तशीच राहिली. चित्र आलं. सुंदर सदरा, दोन्ही तिरके जोड घट्ट शिवलेले, बटणाचा पत्ता नाही. आत्याने चष्मा वर केला.

"हा मी कसा घालू? वितळून?"

ओळ सापडली, काढली. "डाव्या बाजूचा तिरका जोड उघडा" असं स्पष्ट लिहिलं. चित्र आलं, उघडी बाजू आली, बटणं आली. मी खूष होऊन लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. तिने स्वतःचा डावा हात उजव्या हाताने धरून थोडा पुढे केला आणि नुसतं चित्राकडे बघितलं. उघडी बाजू चित्रातल्या बाईच्या उजव्या अंगाला होती. शिंप्याचं डावं म्हणजे घालणाऱ्याचं डावं. प्रोग्रामने बघणाऱ्याचं डावं धरलं होतं.

"चित्र उलटं करून देते, आरशातल्यासारखं," मी म्हणाले. एक बटण दाबायचं काम.

"कर, आणि त्या बाईच्या केसांचा भांगही उलट होऊ दे. पण पुढच्या वेळी कुणी उजव्या हाताचा मागितला तर काय उलटं करशील? नीट सांगता यायला हवं. लिही, बघणाऱ्याच्या उजवीकडे."

लिहिलं. बाजू बरोबर आली, पण आता उघडा जोड काखेपाशीच संपला होता, खाली बाजूची शिवण बंद. पुन्हा लिहिलं, तर जोड उघडा आला पण बाहीच सुटून लोंबायला लागली. एकेक चूक दुरुस्त केली की दुसरी उगवायची. संध्याकाळ झाली, बायका मशिनं झाकून घरी गेल्या. मला वाटलं, याला कपडा कळत नाही कारण तो कशासाठी आहे ते कळत नाही. माणसाला कारण सांगितलं की काम सोपं होतं. म्हणून मी हुकमाच्या अगदी वर लिहिलं: डावा हात उचलता न येणाऱ्या बाईसाठी सदरा.

चित्र आलं. खाली तोच मजकूर, तेच कापड, तोच रंग मागितलेला, पण आता गडद जांभळ्याच्या जागी फिकट हिरवा होता. सदऱ्याचा रुग्णालयातला झगा झालेला, पाठीमागे नाडी. तो घालून एक म्हातारी पलंगाच्या कडेला बसलेली. मान खाली, डोळे जमिनीत, मागे खिडकी आणि खिडकीतही ढग. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी दयाळू हात.

मी ते झाकायच्या आत आत्याने बघितलं. नेमके बाबाही त्याच वेळी पुढच्या खोलीतून आत आले आणि त्यांनीही बघितलं.

"बघ," बाबा म्हणाले. आवाजात कुचेष्टा नव्हती, उलट सुटल्यासारखं होतं. "मी तेच म्हणत होतो. लोकांच्या डोळ्यांपुढे हेच येतं. त्या प्रोग्रामलाही हेच आलं. राहू दे ताई, फ्रॉक टाकू तिथे."

 आत्याने कात्री उचलली, टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

"माझा हात आजारी आहे," ती म्हणाली. "मी नाही. त्या बाईचे डोळे कुणी खाली घातले? मी तर सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस?" हे मला. "नाही ना? हात उचलता येत नाही एवढंच सांगितलंस, आणि याने तिची मान वाकवली, रंग काढून घेतला, तिला पलंगावर बसवलं. आता ऐक." हे बाबांना. "हे पान लागणार. नाही लागलं तर उद्यापासून तुझं कापड तू काप. बाकीचं सगळं मी काढून दिलंय, त्या सगळ्याच्या बरोबरीने हे पान असेल. शेवटी नाही, कोपऱ्यात नाही."

"अगं पण चित्रच जर..."

"चित्र येईल. आमचा हुकूम चुकलाय."

बाबा गेले. मला त्यांचा राग आला होता आणि माझाही, कारण ती वरची ओळ माझी होती. मी ती खोडली. आत्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"त्याला कारण सांगायचं नाही," ती म्हणाली. "कारण सांगितलं की दया करतो. त्याला कपडा सांग. नुसता कपडा."

पण नुसता कपडा सांगूनही पुरलं नाही. पुढचं चित्र आलं त्यात सदरा बरोबर होता, अगदी टीपसुद्धा, आणि बाई मात्र डावा हात डोक्यावर नेऊन केस सावरत होती. बाकीच्या पानांवरच्या बायकाही अशाच हात वर करून, कंबर मोडून उभ्या आहेत, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तोपर्यंत ते मला कधी खुपलं नव्हतं. प्रोग्रामला बाई म्हटली की हात वर. इथे मात्र मला सुचलं, आणि हे आत्याचं नव्हे, माझं. मी म्हणाले, "हात काय करतोय ते आपण सांगायचं राहिलंय. हाताला काम देऊ. उजवा हात काखेपाशी बटण दाबतोय, डावा खाली सोडलेला. म्हणजे कपडा कसा घालायचा तेही चित्रातच दिसेल, एक शब्द न लिहिता."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "जाहिरातवाल्यांनी तुला काढून मूर्खपणा केला," ती म्हणाली. कंपनी बुडाली होती हे मी तिला पुन्हा सांगत बसले नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून, मोठ्याने वाचत, एकेक शब्द चाचपत लिहिलं. ते मी अजून ठेवलं आहे:

"समोरून दिसणारी, सरळ उभी, पन्नाशीची भरल्या अंगाची बाई, थेट बघणाऱ्याकडे बघते आहे. अंगात गुडघ्यापर्यंतचा सदरा. गोल गळा, गळ्याला बोटभर पट्टी. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत, कोपराशी सैल, बाह्यांचे जोड गळ्यापासून काखेपर्यंत तिरके उतरणारे. बघणाऱ्याच्या डावीकडचा जोड पूर्ण शिवलेला. बघणाऱ्याच्या उजवीकडे पुढचा भाग बाहीपासून सुटा, तिरक्या जोडावरून काखेपर्यंत आणि तिथून बाजूने थेट खालच्या काठापर्यंत सलग उघडणारा, आणि मागच्या भागावर दोन बोटं चढून मोठ्या गोल टिचबटणांनी बंद होणारा. गळ्याजवळची दोन बटणं उघडी, तिथला कोपरा बाहेर वळलेला, बाकीची बंद. बाईचा उजवा हात काखेजवळचं बटण तळव्याने दाबतो आहे, डावा हात सहज खाली सोडलेला. कापड सुती, तिरक्या विणीचं, मध्यम जाडीचं, मऊ पडणारं, चमक नसलेलं. उघड्या बाजूच्या दोन्ही कडांना समांतर दुहेरी टीप, दोरा कापडापेक्षा थोडा फिका. रंग गडद जांभळा, तांबूस झाक, सावलीत काळ्याच्या जवळ जाणारा. मागे फिकट राखाडी भिंत. उजेड एका बाजूने, टिपा उठून दिसतील असा."

"भरल्या अंगाची" आत्याने घातलं आणि "थेट बघणाऱ्याकडे" मी.

लगेच आलं असं नाही. एकदा बटणं पुढच्या मध्यावर आली, एकदा बाईला दोन डाव्या बाह्या आल्या. पण आता चूक कुठे आहे ते आम्हाला सांगता येत होतं, म्हणून ती दुरुस्तही होत होती. आणि मग एक चित्र आलं आणि आत्याने चष्मा काढून सदऱ्याच्या काठाने पुसला, पुन्हा लावला. जोड बरोबर जागी. टीप बरोबर. बटण जिथे हवं तिथे, तळवा त्यावर. आणि ती बाई आमच्याकडे अशी बघत होती की जणू आम्हीच तिच्या खोलीत न विचारता शिरलोय.

"हिला कापून देईन मी," आत्या म्हणाली. तिने खण उघडला आणि कात्री टेबलावर ठेवली.

बाबांनी दुसऱ्या दिवशी चित्र बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "हे सगळ्यांत चांगलं आलंय." ते मनाने वाईट नाहीत. पान मधोमध लावलं. छापखान्यातून कच्च्या प्रती आल्या तेव्हा आम्ही त्या टेबलावर पसरल्या. प्रत्येक चित्राखाली कपड्याचं नाव आणि कापड. आत्याच्या पानावर नावाखाली एक जादा ओळ होती. ती बाबांनी परस्पर छापखान्यात सांगून घातली होती: हात उचलता न येणाऱ्यांसाठी.

मला वाटलं आत्या आता दुकान डोक्यावर घेणार. पण तिचा आवाज अगदी साधा होता.

"हे कशाला?"

"अगं, ज्यांना गरज आहे त्यांना कळायला नको? चित्रावरून सगळ्यांनाच कळेल असं नाही. मी भल्यासाठीच घातलं."

त्यात तथ्य होतं, आणि मला वाईट वाटलं ते त्यामुळेच. ती ओळ काढली तर ज्यांच्यासाठी हा सदरा आहे, त्यांच्यातली एखादी पान उलटून पुढे जाईल. ठेवली तर आम्ही आटापिटा करून उभी केलेली ती बाई पुन्हा पलंगावर जाऊन बसेल. 

"बरोबर आहे तुझं," आत्या म्हणाली. "कळायला हवं."

तिने माझ्याकडून लाल पेन मागितलं, आपल्या पानावरची ओळ खोडली आणि बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. तो त्यांनी जरा लवकर सोडला. कारण मग तिने शेजारचं पान ओढलं आणि फ्रॉकच्या नावाखाली लिहिलं: हात डोक्यावर उचलता येत असेल तरच. मग त्याच्या पुढचं पान. मग त्याच्या पुढचं. मागे चेन असलेल्या ड्रेसखाली तिने लिहिलं: दोन्ही हात पाठीमागे नेता येत असतील तरच.

"ताई, हे काय आहे?"

"खरं नाही का? एक शब्द खोटा असेल तर दाखव."

"पण असं कोणी लिहीत नाही."

"माझ्या पानावर लिहिताना तुला नाही आठवलं ते. कपड्याची अट असते ना, अरे. यांचीही आहे, पण ती कधी कुणी लिहिली नाही, कारण ती सगळ्यांना जमते असं तुम्ही धरून चाललात. माझ्या सदऱ्याला अट नाही. तो तुला येतो, मला येतो, सगळ्यांना येतो. अट ज्यांना आहे त्यांच्याखाली लिहायची. ज्यांना गरज आहे त्यांना आपोआप कळेल, कोणतं पान बिनअटीचं आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी छापखान्याला फोन लावला आणि तो वाजत असतानाच त्यांना म्हणाले, "बाबा, मी जाहिरातीत काम केलंय. लोक याच ओळी वाचतील."

बाबांनी कच्च्या प्रती पुढे ओढल्या. मग म्हणाले, "पायजम्याखालीही लिहा मग. एका पायावर उभं राहता येत असेल तरच." ते गमतीने म्हणाले की रागाने, मला सांगता येणार नाही. आत्याने लिहून टाकलं.

कॅटलॉग तसाच छापला गेला. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं ओळ वाचून हसायची, कुणी विचारायचं की ही काय थट्टा आहे. पण एक गोष्ट प्रत्येकजण करायचा, तरणा असो की म्हातारा. ओळ वाचली की नकळत हात वर करून बघायचा. आमच्या पुढच्या खोलीत आता दिवसभर माणसं पुस्तक हातात धरून एक हात वर करतात, आणि आत्या मागच्या खोलीच्या दारातून ते बघत उभी असते.

त्या आठवड्यात एक बाई आली, मुलीला फ्रॉक शिवायला. चाळीशीची, बोलकी, चांगल्या पेहरावातली. तिने ओळ वाचली, हसली आणि हात वर केला. हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. तिने तो पटकन खाली घेतला आणि कुणी बघितलं का म्हणून आजूबाजूला पाहिलं. मुलगी कापडाचे रंग बघण्यात गुंग होती.  मग बाई मान खाली घालून एकेक पान उलटत गेली, प्रत्येक पानाखालची ओळ वाचत, ज्याच्याखाली काहीच लिहिलेलं नाही त्या पानापर्यंत. तिथे ती थांबली.

"हा," ती म्हणाली. "हा मला हवा. मुलीच्या फ्रॉकआधी."

आत्या मापाची टेप गळ्यात टाकून पुढे आली. "कोणता हात?" तिने विचारलं. गोड बोलायचं काम बाबांचं आहे, म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही.

"उजवा."

"मग बटणं त्या बाजूला देते," आत्या म्हणाली आणि मला हाक मारली, "पोरी, हुकूम काढ. बघणाऱ्याच्या डावीकडे."